पावाचं पीठ फुगतं कसं? यीस्ट आत काय करतं ते लादी पाव करता करता समजून घ्या

रेसिपीत एक वाक्य ठरलेलं असतं, "पीठ ऊबदार जागी एक तास झाकून ठेवा, दुप्पट होईल". आता हे वाक्य मे महिन्यातल्या नागपूरच्या स्वयंपाकघरातही तेच आणि जानेवारीतल्या नाशिकलाही तेच. नागपूरला तासाभरात पीठ फुगून परत बसायला लागलेलं असतं आणि नाशिकला ते तसंच थंड पडलेलं असतं, मग नवीन माणूस म्हणतो यीस्ट खराब आहे, पाकीट फेकतो, नवीन आणतो, परत तेच. यीस्ट आत नेमकं काय करतंय हे एकदा कळलं की घड्याळाकडे बघायची गरज उरत नाही, पिठाकडे बघूनच कळतं. म्हणून हा लेख रेसिपी कमी आणि पिठाच्या आतली गोष्ट जास्त असा आहे, पण हाताशी काहीतरी हवं म्हणून साधा घरचा लादी पाव घेऊ.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. यीस्ट पिठात बुडबुडे तयार करत नाही. यीस्ट फक्त गॅस तयार करतं. बुडबुडे तुम्ही तयार करता, मळताना. यीस्टचा गॅस त्या आधीच असलेल्या बुडबुड्यांमध्ये जाऊन त्यांना मोठं करतो, बस. खालच्या सगळ्या स्टेप्स या एका गोष्टीभोवती आहेत.

लागणारं सामान

- मैदा २५० ग्रॅम
- पाणी १६० मिली
- इन्स्टंट ड्राय यीस्ट ३ ग्रॅम (साधारण एक सपाट टीस्पून)
- साखर १० ग्रॅम
- मीठ ४ ते ५ ग्रॅम
- तेल किंवा बटर १५ ग्रॅम
- वजनकाटा. वाटीच्या मापाने यीस्ट आणि मीठ घालू नका, साधा डिजिटल काटा घ्या
- उभ्या कडांचा काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणि एक रबरबँड
- ७-८ इंची चौकोनी टिन, ओटीजी

रबरबँड कशाला ते पुढे येईल, पण तो वगळू नका.

१. यीस्ट जिवंत आहे का ते आधी बघा

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी, शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, हीच बिअर आणि वाइनमध्येही वापरतात. पाकिटातले ते बारीक तपकिरी दाणे म्हणजे अशा अब्जावधी पेशी, पाणी काढून घेतल्यामुळे निपचित पडलेल्या, मेलेल्या नाहीत. पाणी मिळालं की त्या परत कामाला लागतात.

दुकानात दोन प्रकार मिळतात आणि दोन्हीचे दाणे सारखेच दिसतात म्हणून लेबल वाचा. इन्स्टंट असेल तर सरळ मैद्यात मिसळायचं. अ‍ॅक्टिव्ह ड्राय असेल तर त्याच्या दाण्यांवर मेलेल्या पेशींचं जाड आवरण असतं, त्यामुळे ते आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून घ्यायचं. पाकीट जुनं असेल तर प्रकार कुठलाही असो, अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट एकत्र करून ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत वर जाड फेस आला नाही तर ते यीस्ट मैद्यात घालू नका, मैदा वाया जाईल.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे गरम पाणी. "कोमट" म्हणजे बोट घातल्यावर जेमतेम गरम लागेल इतकंच, ३५ ते ४० डिग्री. ५५-६० डिग्रीच्या पुढे यीस्ट मरतं आणि मेलेलं यीस्ट परत उठत नाही, कितीही वेळ ठेवा. चहासाठी तापवलेल्या दुधातलंच उरलेलं पिठात घालायची सवय असते बऱ्याच जणांना, तर ते आधी पूर्ण निवू द्या. शंका असेल तर साधं नळाचं पाणी वापरा, पीठ थोडं उशिरा फुगेल पण फुगेल तरी.

उघडलेलं पाकीट ओट्यावर ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते आठवड्या-दोन आठवड्यात मलूल होतं. हवाबंद डबीत घालून फ्रीझरमध्ये टाका, तिथे महिनोन्महिने टिकतं.

२. मळणं, कारण बुडबुडे इथेच तयार होतात

मैदा, यीस्ट, साखर, मीठ कोरडंच एकत्र करा, पाणी घालून गोळा करा, पाच-दहा मिनिटं नुसतं झाकून ठेवा, मग तेल किंवा बटर घालून दहा-बारा मिनिटं मळा. पीठ सुरुवातीला चिकटेल, वरून मैदा भुरभुरायचा मोह आवरा. पोळीच्या कणकेपेक्षा हे पीठ जरा सैलच असतं. हाताला थोडं तेल लावा, लांब ओढा, दुमडा, परत ओढा.

या वेळात दोन कामं होतात. एक सगळ्यांना माहीत असतं, ते म्हणजे ग्लूटेन. मैद्यात ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात, पाणी मिळालं आणि मळलं की ती एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. ग्लायाडिनमुळे पीठ ताणलं जातं, ग्लूटेनिनमुळे ते परत मागे खेचलं जातं, आणि गॅस धरून ठेवायला दोन्ही लागतात. नुसतं ताणलं जाणारं पीठ पसरेल आणि नुसतं मागे खेचणारं फुगणारच नाही.

दुसरं काम कोणी सांगत नाही. दुमडताना दर वेळी थोडी हवा आत अडकते आणि पुढच्या दाबाबरोबर तिचे आणखी बारीक तुकडे होतात, असे असंख्य बुडबुडे, डोळ्यांना न दिसणारे. त्या हवेतला ऑक्सिजन यीस्ट थोड्याच वेळात संपवतं, उरतो नायट्रोजन. पावाचं जाळीदार पोत म्हणजे याच नायट्रोजनच्या बुडबुड्यांची मोठी झालेली आवृत्ती. १९४१ मध्ये बेकर आणि माइझ या दोन अमेरिकन संशोधकांनी हे दाखवून दिलं (हो, आडनाव खरंच बेकर).

मग गॅस स्वतःचा नवीन बुडबुडा का नाही करत? कारण बुडबुडा जितका लहान तितका त्याला उघडं ठेवायला आतून दाब जास्त लागतो. अगदी शून्यातून सुरुवात करायची तर प्रचंड दाब लागेल, तेवढा पिठात कधीच नसतो. त्यामुळे गॅस सोपा रस्ता धरतो, जिथे आधीच जागा आहे तिथे शिरतो. फुगे फुगवणाऱ्याला माहीत असतं की सगळा जोर पहिल्या फुंकेला लागतो, तसंच आहे हे. मोठ्या कारखान्यांमध्ये तर मिक्सरमधल्या हवेचा दाबच कमीजास्त करतात, इंग्लंडमधल्या चॉर्लीवुडला १९६१ मध्ये निघालेली स्लाइस ब्रेडची पद्धत या ज्ञानावरच चालते.

तर कमी मळलेल्या पिठात बुडबुडे थोडे आणि वेडेवाकडे, पाव होतो पण आत कुठे भोक कुठे गठ्ठा. तपासायचं असं: लिंबाएवढा गोळा घेऊन चारी बाजूंनी हळूहळू ताणा, फाटण्याआधी पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला पाहिजे. लगेच फाटला तर अजून तीन-चार मिनिटं मळा.

ज्यांना कणकेचा पाव करायचाय त्यांच्यासाठी: यीस्ट तेवढाच गॅस करतं, पण कोंड्याचे कण ग्लूटेनचे पडदे जागोजागी तोडतात आणि गॅस गळतो. म्हणून कणकेचा पाव बुटका होतो, त्यात यीस्ट वाढवून फायदा नाही, गळक्या बादलीचा नळ मोठा करून काय होणार. पहिल्यांदा निम्मी कणीक निम्मा मैदा असं करा, आणि पाणी थोडं वाढवा, कणीक जास्त पाणी पिते.

३. पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच दिसणार नाही, घाबरू नका

पीठ डब्यात घाला, वरचा भाग हाताने सपाट करा आणि पिठाच्या उंचीवर बाहेरून रबरबँड लावा. दुप्पट झालं की नाही हे गोल पातेल्यात अंदाजाने कोणालाच कळत नाही, उभ्या डब्यात लगेच कळतं.

आता यीस्ट खायला लागतं. साखर घातली असेल तर तिचे आधी दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, ते आत घेतं, आणि ग्लुकोजच्या एका कणापासून कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि अल्कोहोलचे दोन कण बाहेर टाकतं. स्वतःसाठी यातून थोडीशी ऊर्जा मिळते, आपल्याला लागतो तो गॅस त्याच्यासाठी कचरा आहे. इडलीच्या पिठाशी याची गल्लत करू नका, तिथे मुख्य काम बॅक्टेरियांचं असतं आणि आंबटपणा त्यांच्यामुळे येतो, पावाच्या पिठाला तासा-दोन तासात तसा आंबट वास येत नाही, यायलाही नको.

पण गॅस तयार होत असून पीठ हलत का नाही? कारण तो आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा. आपल्या १६० मिली पाण्यात शंभर मिलीच्या वर गॅस असाच मुरून जातो. पाणी भरलं की मग तो बुडबुड्यांकडे वळतो आणि पीठ वर यायला लागतं. शिवाय यीस्टला जागं व्हायला थोडा वेळ लागतोच. या टप्प्यावर लोक डबा उघडतात, काही झालं नाही बघून वरून अजून यीस्ट शिंपडतात, आणि मग पाव खाताना यीस्टचा उग्र वास येतो म्हणून तक्रार करतात.

साखर किती लागते याचा एक हिशोब करून बघू, मला स्वतःला हा फार आवडतो. आपलं सगळं पीठ मिळून साधारण ४४० ग्रॅम, म्हणजे आकारमान ४०० मिलीच्या आसपास. दुप्पट व्हायला ४०० मिली गॅस हवा आणि पाण्यात मुरणारा धरला तर ५०० च्या थोडा वर. १ ग्रॅम साखरेपासून यीस्ट जवळपास २९० मिली गॅस काढतं. म्हणजे एकदा दुप्पट व्हायला दोन ग्रॅमच्या आत काम होतं, अर्धा टीस्पून सुद्धा नाही! आणि तेवढी साखर मैद्यातच मुळात असते, वर मैद्यातली एन्झाइम्स स्टार्च तोडून माल्टोज नावाची साखर पुरवत राहतात. म्हणून साखर अजिबात न घालताही पाव फुगतो. आपण घातलेले १० ग्रॅम हे चवीला आणि वरच्या तपकिरी रंगाला.

जास्त साखर घातली तर जास्त फुगेल हा समज याच्यामुळे खोटा ठरतो, उलट मैद्याच्या दहा टक्क्यांच्या वर साखर गेली की ती यीस्टमधलं पाणी ओढून घ्यायला लागते आणि यीस्ट मंदावतं. गोड बन उशिरा फुगतात ते यामुळे. मीठही असंच पाणी ओढतं, म्हणून दोन टक्क्यांच्या आत ठेवा, पण मीठ वगळू मात्र नका, ते ग्लूटेन घट्ट करतं आणि यीस्टला जरा लगाम लावतं. बिनमिठाचं पीठ सुसाट फुगतं आणि चिकट, ढिलं होतं. मीठ आणि यीस्ट कोरड्या मैद्यात एकमेकांना लागलं तर यीस्ट मरेल ही भीती मात्र अवास्तव आहे, दोन मिनिटांत पाणी घालणारच आहोत, फक्त ओल्या यीस्टवर थेट मिठाचा ढीग ओतू नका.

४. घड्याळ नको, रबरबँड बघा

यीस्टचा वेग तापमानावर चालतो. साधारण २० ते ३० डिग्रीच्या पट्ट्यात दहा डिग्री वाढले की वेग जवळपास दुप्पट होतो. २७-२८ डिग्रीला तास-सव्वा तासात होणारं काम १८ डिग्रीला अडीच तास घेऊ शकतं, फ्रिजमध्ये ४ डिग्रीला तर ते जवळपास थांबतंच. इथे खोलीपेक्षा पिठाचं स्वतःचं तापमान महत्त्वाचं. थंडीत पाणी थोडं कोमट घ्या आणि डबा बंद ओटीजीत नुसता दिवा लावून ठेवा. उन्हाळ्यात माठातलं किंवा फ्रिजचं पाणी घ्या आणि यीस्ट ३ ऐवजी २ ग्रॅम करा.

घाई असली की यीस्ट दुप्पट करून वेळ अर्धा करायचा विचार येतोच. पीठ फुगतं, खोटं नाही. पण या तासाभरात नुसता गॅस होत नसतो, ग्लूटेन सैलावतं, पडदे पातळ ताणायला शिकतात आणि चव तयार होते, त्याला वेळच लागतो. पटकन फुगवलेला पाव मऊ लागतो, चव मात्र नुसत्या मैद्याची. आमच्याकडे कोणी उलटं करतं, एक ग्रॅम यीस्ट घालून रात्रभर फ्रिजमध्ये, आणि तो पाव खरंच चांगला लागतो. गोव्यात पूर्वी पोदेर नारळाची सूर घालून पीठ फुगवायचे, सुरेत यीस्ट आपोआपच वाढलेलं असतं, आणि तेही काम सावकाशीचंच.

५. हवा काढा, पण चिडून बुक्के मारू नका

पीठ दुप्पट झालं की ओट्यावर काढून तळहाताने दाबून सपाट करा. इतका वेळ फुगवलं आणि आता हवा काढायची हे नवीन माणसाला पटत नाही, पण पहिल्या मुद्द्याकडे परत या. बुडबुडे नवीन तयार होत नाहीत, असलेले मात्र फुगत फुगत एकमेकांना मिळून मोठे होतात. दाबल्याने मोठ्या बुडबुड्याचे अनेक छोटे होतात आणि पावाला एकसारखी बारीक जाळी येते. शिवाय यीस्टच्या पेशी स्वतः हलत नाहीत, जिथे असतात तिथलंच खातात, पीठ हलवल्यावर त्यांना परत नवीन साखर मिळते.

आता वजन करून साधारण ४९-५० ग्रॅमचे नऊ गोळे करा. गोळा करताना कडा खाली ओढून वरचं कातडं ताणलेलं हवं, तोच ताण पावाला वर उचलतो, नाहीतर तो बाजूला पसरतो. टिनमध्ये तीन-तीनच्या ओळीत ठेवा, मध्ये बोटभर जागा सोडा. फुगून एकमेकांना चिकटले की लादी.

६. दुसऱ्यांदा फुगवताना बोट लावून बघा

पाव इथे बिघडतो, आणि कमी फुगवल्यामुळे कमी, जास्त ठेवल्यामुळे जास्त. ओलं फडकं झाका आणि अर्ध्या तासापासून तपासायला लागा. बोटाला जरा तेल लावून कडेच्या गोळ्याला हलकेच अर्धा सेंटीमीटर दाबा:

- खड्डा लगेच उडी मारून भरला, अजून वेळ आहे
- खड्डा सावकाश वर आला आणि थोडासा उरला, ओव्हनमध्ये घाला
- खड्डा तसाच राहिला किंवा आजूबाजूचं पण बसलं, वेळ निघून गेली

तिसऱ्या अवस्थेत आत काय झालेलं असतं? पडदे ताणून इतके पातळ झालेत की ते फाटायला लागलेत, बुडबुडे एकमेकांत मिसळतायत आणि गॅस वरून निसटतोय. वरच्या बाजूला मोठे फोड दिसतात, अल्कोहोलचा वास नाकात जातो. असं झालं तर तसंच भाजू नका, गोळे परत दाबून, वळून पुन्हा ठेवा, यीस्टकडे अजून खायला असतं, एखाद वेळेस सांभाळून घेतं. यावेळी लवकर फुगेल म्हणून जवळच थांबा.

ओव्हन बोटाची परीक्षा सुरू करायच्या आधीच २०० डिग्रीला तापत ठेवा. पीठ तयार आणि ओव्हन थंड, हा सापळा छोट्या ओटीजीत नेहमीचा आहे, कारण त्याला तापायला पंधरा मिनिटं लागतात आणि पीठ थांबत नाही.

७. ओव्हनमधली शेवटची उडी

वरून दुधाचा हात फिरवा, १८ ते २० मिनिटं भाजा. पहिल्या काही मिनिटांत पाव दिसेल असा वर येतो, काचेतून बघा. यीस्ट मरायच्या आधी उष्णतेने पिसाळल्यासारखं काम करतं, पण ते थोडाच वेळ, ५५-६० डिग्रीला संपलं. गॅस तापून प्रसरण पावतो, त्याने ३० वरून ९० डिग्रीला जाताना जेमतेम पाचवा हिस्सा वाढ होते. उरलेलं काम पाण्यात मुरलेला तो कार्बन डायऑक्साइड करतो, गरम पाण्यात तो राहू शकत नाही म्हणून बाहेर पडतो, सोबत अल्कोहोलची आणि पाण्याची वाफ. सगळे त्याच जुन्या बुडबुड्यांमध्ये शिरतात.

मग ६० च्या पुढे स्टार्च पाणी पिऊन फुलतं, ७०-८० च्या दरम्यान ग्लूटेन पक्कं होतं, आणि बुडबुड्यांच्या भिंती कडक होऊन तडकतात, म्हणजे बंद खोल्यांच्या जागी एकमेकांना जोडलेली जाळी होते. हे झालं नाही आणि पाव बाहेर काढला तर आतली वाफ थंड होऊन आकसते आणि पाव बसतो. म्हणून रंग आला की लगेच काढू नका. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ ते ९५ डिग्री बघा, नसेल तर टिनमधून उपडा करून तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. बाहेर आल्यावर बटर लावा आणि जाळीवर ठेवा, टिनमध्ये ठेवलात तर तळ ओला होतो.

८. कापून बघा आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते ठरवा

निदान अर्धा तास निवू द्या, मग मधोमध कापा.

बारीक एकसारखी जाळी, दाबल्यावर परत वर येते: काही बदलू नका. तळाशी घट्ट, चिवट थर आणि वर कुठेतरी फाटलेलं: दुसऱ्यांदा कमी फुगवलं, पंधरा-वीस मिनिटं जास्त द्या. वरच्या कवचाखाली पोकळी, बाजू आत ओढलेल्या, पाव भुसभुशीत आणि फिका: जास्त वेळ ठेवलं, यीस्टने वरचा रंग आणणारी साखरसुद्धा खाऊन टाकली. दोन-तीन मोठी भोकं आणि बाकी गच्च: मळणं कमी पडलं किंवा गोळे करताना हवा नीट दाबली नाही. आणि सगळाच दगड असेल, डब्यात रबरबँडच्या वर पीठ आलंच नसेल, तर मळण्यात चूक शोधू नका, त्या पाकिटातलं चमचाभर यीस्ट कोमट साखरपाण्यात टाका आणि फेस येतो का बघा. फेस आला तर पाणी गरम होतं. नाही आला तर नवीन पाकीट.